एशलॉन फॉर्म प्रत्येकाचा वेगळा येतो, मग रिड्यूस्ड मात्र सगळ्यांचा एकच का येतो?

रानवारा

भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याच्या निमित्ताने माझंही मॅट्रिक्स वगैरे परत सुरू झालंय. आम्ही दोघांनी एकच मॅट्रिक्स वेगवेगळं बसून सोडवलं:

```
1  2  1   3
2  4  3   8
3  6  4  11
```

मी सरळ वरून सुरुवात केली. R2 मधून R1 ची दुप्पट काढली, R3 मधून तिप्पट काढली, मग खालच्या दोन रो सारख्याच झाल्या म्हणून एकीतून दुसरी वजा. माझा एशलॉन फॉर्म हा:

```
1  2  1  3
0  0  1  2
0  0  0  0
```

भाच्याने आधी R1 आणि R3 ची अदलाबदल केली, त्याला मोठा आकडा वर घ्यायची सवय लावलीये कोणीतरी. त्याचा आला:

```
3  6   4    11
0  0  1/3  2/3
0  0   0    0
```

दोन्ही तपासले, दोन्ही बरोबर आहेत. पण पुढे रिड्यूस्ड करत गेलो तर दोघांचंही हेच आलं:

```
1  2  0  1
0  0  1  2
0  0  0  0
```

पुस्तकात एका ओळीत लिहिलंय की रिड्यूस्ड फॉर्म युनिक असतो, आणि पुढच्या उदाहरणावर उडी. मला हे पटत नाहीये म्हणजे खोटं वाटतंय असं नाही, पण कळत नाहीये. स्टेप्स कितीही प्रकारे करता येतात, मधले आकडे सगळे बदलतात, मग शेवटालाच सगळे एका जागी कसे काय येतात? प्रूफ दिलंत तरी चालेल, फक्त आतलं कारण दिसेल असं द्या.

चिंचगुळ

कारण सोपं आहे हो. साध्या एशलॉनमध्ये पिव्हट काहीही असू शकतो, तुमचा १ आहे आणि भाच्याचा ३. रो ला कशानेही गुणता येतं ना, म्हणून वेगवेगळे येतात. रिड्यूस्डमध्ये प्रत्येक पिव्हट १ करायचा असा नियम आहे, ते गुणायचं स्वातंत्र्य गेलं की उत्तर एकच उरतं.

रानवारा

@चिंचगुळ मलाही आधी तेच वाटलेलं. पण भाच्याच्या फॉर्ममध्ये फक्त पिव्हट १ करून बघा, पहिल्या रो ला ३ ने भागा आणि दुसरीला ३ ने गुणा:

```
1  2  4/3  11/3
0  0   1     2
0  0   0     0
```

पिव्हट दोघांचेही १ आहेत आणि तरी पहिली रो वेगळीच आहे. माझी 1 2 1 3, त्याची 1 2 4/3 11/3. म्हणजे नुसता पिव्हट १ करून भागत नाही.

सांजवेळ

मुळात प्रश्नच चुकतोय असं वाटतं. युनिक सोल्यूशन तेव्हाच मिळतं जेव्हा रँक आणि अज्ञात संख्यांची संख्या सारखी असते. तुमची रँक २ आली आणि कॉलम ४ आहेत, म्हणजे इथे अनंत सोल्यूशन्स आहेत. मग युनिक म्हणायचं तरी कशाला? तिसरी रो पहिल्या दोघींची बेरीज आहे, म्हणजे एक इक्वेशन फुकटच आहे. दुसरं उदाहरण घ्या, ज्याचा डिटरमिनंट शून्य नाही असं.

आंबोळी

@सांजवेळ, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. समीकरणांचं उत्तर एकच आहे का, हा एक प्रश्न. मॅट्रिक्सचा रिड्यूस्ड फॉर्म एकच आहे का, हा दुसरा, आणि धागा दुसऱ्याबद्दल आहे. ह्याच मॅट्रिक्सची चार अज्ञातांची समीकरणं उजवीकडे शून्य ठेवून घेतली तर x1 = -2x2 - x4 आणि x3 = -2x4 येतं, x2 आणि x4 वाट्टेल ते घ्या. उत्तरं अनंत आहेत हे खरं, पण त्या सगळ्या उत्तरांचा मिळून जो संच आहे तो एकच आहे ना. रिड्यूस्ड फॉर्म त्या संचाचं वर्णन आहे, आणि प्रश्न असा की ते वर्णन एकाच प्रकारे का लिहिलं जातं.

आणि डिटरमिनंट शून्य नसलेलं चौकोनी मॅट्रिक्स घेतलं तर रिड्यूस्ड फॉर्म थेट आयडेंटिटीच येतो, तिथे बघण्यासारखं काही उरतच नाही. रानवारांनी घेतलेलं उदाहरण उलट चांगलं आहे, त्यात एक कॉलम मधेच पिव्हटशिवाय राहिलाय.

धुळपाटी

रानवारा, उदाहरण खरंच छान निवडलंय तुम्ही. मी बरीच वर्षं हे शिकवलं आहे, तर दोन भागात लिहितो. आधी एशलॉन फॉर्म अनेक का येतात ते पूर्ण बघू, कारण ते नीट दिसलं की अर्धं काम झालं.

चिंचगुळ म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. एशलॉन फॉर्म हाती आल्यावरही दोन प्रकारची ऑपरेशन्स अशी उरतात की ती केली तरी जिन्याचा आकार मोडत नाही. एक म्हणजे रो ला शून्य सोडून कशानेही गुणणं, ते त्यांनी सांगितलं. दुसरं म्हणजे खालच्या रो ची कितीही पट वरच्या रो मध्ये मिळवणं. खालची रो वरच्यापेक्षा उशिरा सुरू होते, त्यामुळे ती वर मिळवली तरी वरचीचा पिव्हट आणि त्याच्या डावीकडची शून्यं जशीच्या तशी राहतात. एशलॉनच्या व्याख्येत पिव्हटच्या वर काय असावं ह्याबद्दल एक शब्दही नाही, म्हणून ही मोकळीक कायम शिल्लक असते.

तुमच्या मॅट्रिक्ससाठी ती मोकळीक मोजून दाखवता येते. पिव्हट १ केलेले जेवढे म्हणून एशलॉन फॉर्म निघू शकतात ते सगळे असे दिसतात:

```
1  2  t  1+2t
0  0  1   2
0  0  0   0
```

t च्या जागी काहीही घाला. तुमच्याकडे t = 1 आहे, भाच्याकडे t = 4/3 आहे, तपासा, 1 + 8/3 म्हणजे 11/3 च होतात. कोणी तिसऱ्याने R2 वर घेऊन सुरुवात केली तर t = 3/2 येईल. दुसऱ्या पिव्हटच्या वरची ती एक जागा मोकळी आहे, आणि t ठरला की शेजारचा चौथा आकडा आपोआप ठरतो. रिड्यूस्ड फॉर्मची अट म्हणते की पिव्हटच्या वरही शून्य हवं, म्हणजे t = 0. ह्या एका अटीने सगळी रांग एका मॅट्रिक्सवर येते.

पिव्हट जास्त असले तर अशा जागाही जास्त. ३ पिव्हट असतील तर ३ जागा, ४ असतील तर ६, आणि गुणायचं स्वातंत्र्य प्रत्येक पिव्हटमागे एक ते वेगळंच.

आता इथे एक चतुर विद्यार्थी थांबवेल मला, आणि थांबवायलाच हवं. मी "सगळे असे दिसतात" म्हणालो, पण पिव्हट भलत्याच कॉलममध्ये आलेला एखादा एशलॉन फॉर्म निघणारच नाही हे कशावरून? एकाचे पिव्हट १ आणि ३ कॉलममध्ये आले आणि दुसऱ्याचे १ आणि ४ मध्ये, असं का होत नाही? युनिकनेसचा खरा जीव तिथे आहे. जेवण करून लिहितो.

नदीकाठ

हे वाचून जुनं दुखणं वर आलं. आमच्या पेपरात प्रश्न होता, एशलॉन फॉर्म काढा आणि रँक सांगा. मी आधी रो ची अदलाबदल करून सुटसुटीत आकडे घेतले, रँक बरोबर आली, पण माझं मॅट्रिक्स मॉडेल आन्सरशी जुळत नव्हतं म्हणून अर्धे मार्क कापले. विचारायला गेले तर सांगितलं की उत्तरपत्रिकेत दिलंय तेच यायला हवं. तेव्हा मला कसं भांडायचं हेच कळलं नव्हतं. आत्ता कोणाच्या बाबतीत असं झालं तर काय दाखवायचं?

आंबोळी

@नदीकाठ, मार्क कापणं चूकच होतं. दाखवायचं असेल तर दोन पायऱ्या आहेत. आधी फक्त पिव्हट कुठल्या कुठल्या कॉलममध्ये आहेत ते दोन्हीकडे बघायचं, ते जुळले नाहीत तर कोणाची तरी आकडेमोड नक्की चुकलीये. जुळले तर पुढे दोन्ही रिड्यूस्डपर्यंत न्यायचे. दोन्हीकडून एकच मॅट्रिक्स आलं तर दोन्ही एशलॉन फॉर्म एकाच मूळ मॅट्रिक्सचे आहेत, ह्याच्यापुढे वाद घालायला जागा नाही. आणि नाही आलं तर एकाने कुठेतरी घोळ घातलाय हेही तितकंच पक्कं.

नुसती रँक जुळली म्हणून मात्र सुटकेचा श्वास सोडू नका. चुकीच्या आकड्यांनीही रँक बरोबर येते, अगदी सर्रास येते.

धुळपाटी

आलो. आता पिव्हटच्या जागांचा प्रश्न.

आपण ऑपरेशन्स रो वर करतो म्हणून आपलं लक्ष रो वरच राहतं. थोडा वेळ कॉलमकडे बघा. रानवारांच्या मूळ मॅट्रिक्समध्ये, अजून काहीही न करता, दुसरा कॉलम पहिल्याची दुप्पट आहे. C2 = 2C1. आता कुठलंही रो ऑपरेशन करा, कितीही करा, आणि परत बघा. भाच्याच्या एशलॉनमध्ये 3 आणि 6, तुमच्यात 1 आणि 2, दुप्पट तशीच आहे. हे अपघाताने होत नाही. रो ऑपरेशन सगळ्या कॉलमवर एकाच वेळी एकाच पद्धतीने चालतं, त्यामुळे कॉलमांमधलं नातं आधी खरं असेल तर नंतरही खरं राहतं. आणि प्रत्येक ऑपरेशन उलटं फिरवता येतं, म्हणून नंतर खरं असलेलं नातं आधीही खरं असतंच. नवीन नातं तयार होत नाही, जुनं नाहीसं होत नाही. आकडे सगळे बदलतात पण नाती बदलत नाहीत, एवढं एक वाक्य धरून ठेवा.

आता मूळ मॅट्रिक्सचे कॉलम डावीकडून एकेक घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, तू तुझ्या डावीकडच्यांपासून बनतोस का?

C1 च्या डावीकडे कोणी नाही आणि तो शून्यही नाही, तो नवीन. C2 बनतो, C1 च्या दुप्पट. C3 म्हणजे 1, 3, 4, तो 1, 2, 3 च्या कुठल्याही पटीने मिळत नाही, म्हणून नवीन. C4 म्हणजे 3, 8, 11. इथे थांबून हाताने करून बघा, C1 मध्ये C3 ची दुप्पट मिळवा: 1+2, 2+6, 3+8. बरोबर 3, 8, 11. म्हणजे C4 = C1 + 2C3.

आता तुमच्या रिड्यूस्ड फॉर्मचा चौथा कॉलम वाचा. 1, 2, 0. तो हेच सांगतोय की पहिल्या पिव्हट कॉलमचा एक आणि दुसऱ्या पिव्हट कॉलमचे दोन. दुसरा कॉलम 2, 0, 0, म्हणजे पहिल्याचे दोन. रिड्यूस्ड फॉर्ममध्ये ह्यापलीकडे काहीही लिहिलेलं नसतं. जे कॉलम नवीन आहेत त्यांच्या जागी ओळीने 1,0,0 मग 0,1,0 असे ठरलेले कॉलम, आणि जे डावीकडच्यांपासून बनतात त्यांच्या जागी ते कसे बनतात त्याचे आकडे.

आणि हे सगळं आपण एकही रो ऑपरेशन न करता मूळ मॅट्रिक्सवरून वाचलं. कोणता कॉलम नवीन हे मूळ मॅट्रिक्स ठरवतं, म्हणून पिव्हटच्या जागा ठरलेल्या. कुठल्याही एशलॉनमध्ये पिव्हटचा कॉलम डावीकडच्यांपासून बनू शकत नाही, कारण त्या रो मध्ये डावीकडे सगळी शून्यं असतात, आणि बाकीचा प्रत्येक कॉलम डावीकडच्या पिव्हट कॉलमांपासून बनतोच. राहता राहिले बनवायचे आकडे, तर ते दोन प्रकारे येऊ शकत नाहीत. C4 दोन वेगळ्या प्रकारे बनला असता तर दोन्ही वजा करून C3 हा C1 ची पट निघाला असता, आणि तो तसा नाही हे आपण आधीच बघितलंय. झालं, मग वेगळं यायला जागाच कुठे उरली?

रानवारा

हे वाचून मी उठून भाच्याला फोन केला. म्हणजे आपण ऑपरेशन्स करून काहीतरी तयार करत नाही, मॅट्रिक्समध्ये आधीच असलेली गोष्ट फक्त वर काढतो. साध्या एशलॉनमध्येही ही नाती असतातच ना मग? माझ्यात 3, 2, 0 हा चौथा कॉलम, तो पण 1,0,0 अधिक 1,1,0 ची दुप्पट आहेच, बघितलं मी.

धुळपाटी

अगदी बरोबर, नाती प्रत्येक एशलॉनमध्ये तीच असतात. फक्त साध्या एशलॉनमध्ये पिव्हटचे कॉलम कुठल्या रूपात दिसतील हे ठरलेलं नसतं, तुमच्यात C3 हा 1,1,0 दिसतो आणि भाच्याकडे 4, 1/3, 0. नातं तेच, पण दोघांनी लिहिलेलं वेगळ्या आकड्यांत. पिव्हट कॉलमांचं रूप बांधून टाकलं की बाकीच्यांचंही बांधलं जातं.

आंबोळी

मला रो वरूनच सांगितलेलं जास्त आवडतं, थोडक्यात देते. मूळ तीन रो च्या पटी घेऊन, बेरजा करून जे जे काही मिळू शकतं त्या सगळ्याचा एक ढीग कल्पा. रो ऑपरेशनने तो ढीग बदलत नाही. ह्या उदाहरणात ढिगातली शून्य सोडून कुठलीही रो घ्या, तिचा पहिला शून्य नसलेला आकडा एक तर पहिल्या कॉलममध्ये येतो नाहीतर तिसऱ्या. आता रिड्यूस्ड फॉर्मच्या पहिल्या रो ला काय अट आहे? कॉलम १ मध्ये 1 आणि कॉलम ३ मध्ये 0. समजा अशा दोन वेगळ्या रो ढिगात सापडल्या. त्यांची वजाबाकी पण ढिगातच असणार, आणि तिच्यात कॉलम १ आणि ३ दोन्ही ठिकाणी शून्य. मग ती सुरू कुठून होणार? कुठूनच नाही, म्हणजे ती पूर्ण शून्य आहे, म्हणजे दोन रो वेगळ्या नव्हत्याच.

कॉलमवाल्या प्रूफमध्ये बांधणी दिसते, ह्यात तीन ओळीत काम होतं.

पाटीपेन्सिल

सर, आम्हाला नॉर्मल फॉर्म पण आहे, त्यात रो आणि कॉलम दोन्ही ऑपरेशन्स चालतात आणि शेवटी डावीकडे वर आयडेंटिटी आणि बाकी शून्य येतं. तो पण युनिक असतो असं सांगितलंय. मग रिड्यूस्ड एशलॉन काढताना एखादा कॉलम इकडचा तिकडे केला तर चालेल का, आकडे सोपे होतात म्हणून?

धुळपाटी

@पाटीपेन्सिल, नाही चालणार, आणि का ते वरच्या प्रश्नातच आहे. "तुझ्या डावीकडच्यांपासून बनतोस का" असं विचारतोय आपण. डावं उजवं बदललं की प्रश्नच बदलला. हेच मॅट्रिक्स कॉलम उलट्या क्रमाने लिहा, C4, C3, C2, C1:

```
 3  1  2  1
 8  3  4  2
11  4  6  3
```

ह्याचा रिड्यूस्ड फॉर्म येतो:

```
1  0   2   1
0  1  -4  -2
0  0   0   0
```

आता पिव्हट C4 आणि C3 ला गेले, आणि C1 हा C4 वजा 2C3 असा दिसतो. नातं तेच आहे, C4 = C1 + 2C3, फक्त बाजू बदलून लिहिलंय. म्हणून युनिक म्हणताना कॉलमांचा क्रम ठरलेला आहे हे गृहीत असतं. समीकरणं सोडवताना कॉलम म्हणजे एकेक अज्ञात, तेव्हा क्रम बदललात तर कोणता कॉलम कोणाचा हे लिहून ठेवावं लागतं.

तुमचा नॉर्मल फॉर्मही युनिक आहे, पण त्यात नाती सगळी पुसली जातात, फक्त रँक उरते. ३ बाय ४ ची रँक २ असलेली सगळी मॅट्रिक्स तिथे एकसारखी दिसतात. कमी माहिती ठेवून मिळालेली युनिकता आहे ती.

कळसूबाई

प्रोग्रामिंगच्या बाजूने एक भर घालतो, कारण इथे लोक फसतात. अपूर्णांक अचूक ठेवणारं काही वापरलं तर धाग्यातलं उत्तर जसंच्या तसं मिळतं:

```python
from sympy import Matrix
A = Matrix([[1,2,1,3],[2,4,3,8],[3,6,4,11]])
A.rref()
```

ह्यात मॅट्रिक्ससोबत `(0, 2)` पण मिळतं, ते पिव्हटचे कॉलम, मोजणी शून्यापासून. रो कुठल्याही क्रमाने द्या, उत्तर हलत नाही.

पण दशांशात गेलात की गडबड. पहिली रो `0.1+0.2` आणि `1`, दुसरी रो `0.3` आणि `1`, असं २ बाय २ घ्या. कागदावर दोन्ही रो एकच आहेत, रँक १. कॉम्प्युटरमध्ये मात्र `0.1+0.2` हे `0.30000000000000004` पडतं. त्यामुळे वजाबाकीनंतर शून्याऐवजी `2e-16` च्या आसपास काहीतरी कचरा उरतो, तुमच्या कोडने त्याला पिव्हट मानलं की त्याला भागून १ करणार आणि रिड्यूस्ड फॉर्म चक्क आयडेंटिटी येणार. मग कोणी म्हणतं बघा दोन मशीनवर दोन उत्तरं आली, युनिक कुठे आहे. म्हणून अशा फंक्शनमध्ये एक मर्यादा ठेवतात, तिच्याखालचं सगळं शून्य धरा. ती मर्यादा बदलली की उत्तर बदलू शकतं.

आंबोळी

@कळसूबाई, ह्यात युनिकनेसला धक्का लागत नाही पण. `0.30000000000000004` असलेलं मॅट्रिक्स हे वेगळंच मॅट्रिक्स आहे आणि त्याचा रिड्यूस्ड फॉर्म खरंच आयडेंटिटी आहे. अडचण ही की इनपुट केसभर हललं तरी उत्तर एकदम उडी मारतं. एकच उत्तर असणं आणि ते स्थिर असणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत.

कळसूबाई

मान्य. पण मोजमापातून आलेला डेटा असेल तर नेमकं कोणतं मॅट्रिक्स माझ्यासमोर आहे हेच मला माहीत नसतं, मग त्या युनिक उत्तराचं मी काय करू? सेन्सरच्या डेटावर रँक काढायची तर मी रिड्यूस्ड फॉर्मकडे जातच नाही, सिंग्युलर व्हॅल्यूज बघतो. तिथेही कुठे रेघ मारायची हा प्रश्न उरतोच, पण निदान आकडे हळूहळू लहान होताना दिसतात.

रानवारा

धुळपाटी सर, एक विचारायचं राहिलं. शेवट एकच, पण तिथवर जायची बेरीज वजाबाकी पण शेवटी एकच होते का? मी माझ्या स्टेप्स उलगडून बघितल्या तर रिड्यूस्डची पहिली रो माझ्याकडे मूळच्या 3R1 - R2 अशी बनलीये. भाच्याच्या स्टेप्स उलगडल्या तर त्याच्याकडे तीच रो 3R3 - 4R2 अशी येतेय. दोन्ही करून बघितलं, दोन्हीकडून 1 2 0 1 च येतं.

धुळपाटी

नाही, ती एक असायची गरज नाही, आणि तुम्ही स्वतःच ते दाखवलंत. दोघांचा फरक काढा: 3R3 - 3R2 - 3R1. तिसरी रो पहिल्या दोघींची बेरीज असल्यामुळे हा फरक शून्यच आहे. एखादी रो फालतू असली की तिच्यातून शून्य बनवता येतं आणि ते शून्य कुठेही मिसळता येतं, म्हणून वाटा अनेक. तुमच्या मॅट्रिक्समध्ये फालतू रो नसती तर रिड्यूस्डपर्यंत नेणारी जुळणीही एकच निघाली असती, मग स्टेप्स कुठल्याही क्रमाने करा.

चिंचगुळ

माझं वरचं उत्तर अर्धं होतं ते कळलं, पण आता एक वेगळाच प्रश्न पडलाय. तुमच्या त्या t वाल्या रांगेत t = 0 घेतलं म्हणून एकच उरलं. मग मी नियम केला की पिव्हटच्या वर शून्य नाही, ७ पाहिजे. मग t = 7 आणि पहिली रो 1 2 7 15. तेही एकच ना? मग शून्यात विशेष काय आहे?

धुळपाटी

चांगला प्रश्न काढलात, आणि हो, तेही युनिक आहे. पिव्हट १ आणि वरच्या सगळ्या जागी ७ असा नियम केलात तरी प्रत्येक मॅट्रिक्सचा असा एकच फॉर्म निघेल. पिव्हटच्या वरच्या जागांत कुठलेही ठरवून दिलेले आकडे चालतील, त्या जागा भरल्या की बाकी सगळं ठरतं. तेव्हा युनिकता येते ती त्या जागा मोकळ्या न सोडल्यामुळे.

फक्त तुमच्या फॉर्ममध्ये चौथा कॉलम 15, 2, 0 दिसेल. त्यातून C4 = C1 + 2C3 वाचायचं तर आधी 15 मधून 7 ची दुप्पट वजा करत बसा. शून्य घेतलं की नातं कॉलममध्ये उघडं लिहिलेलं असतं.

आंबोळी

मला ते पूर्ण पटत नाही. शून्य म्हणजे नुसती सोय असं म्हटलं तर आयडेंटिटीचं काय? ७ च्या नियमात आयडेंटिटीचा स्वतःचा फॉर्म आयडेंटिटी राहत नाही, वरच्या कोपऱ्यात सगळीकडे ७ येतात. इन्व्हर्स काढताना शेजारी आयडेंटिटी ठेवून आपण जे करतो ते तिथे सरळ चालणारच नाही. माझ्या मते शून्याची निवड सोयीपेक्षा जास्त आहे.

चिंचगुळ

पण तुम्ही दिलेली ढिगाची प्रूफ माझ्या ७ ला पण जशीच्या तशी लागू पडते की. दोन रो वजा केल्या, ७ वजा ७ शून्य, पुढचं सगळं तेच. प्रूफलाच फरक पडत नसेल तर सोयच म्हणायची ना?

पाटीपेन्सिल

सर आमच्या पेपरात पिव्हटच्या वर ७ ठेवून आणि खाली नियम लिहून आलो तर मार्क मिळतील का?

नदीकाठ

@पाटीपेन्सिल, नको रे बाळा. रिड्यूस्ड म्हटलंय म्हणजे वर शून्यच, तिथे मार्क कापले तर ते बरोबर असेल. साधा एशलॉन विचारला असेल तर मात्र वर ७ काय आणि ४/३ काय, पूर्ण मार्क मिळायलाच हवेत, नाही मिळाले तर आंबोळींनी सांगितलेल्या दोन पायऱ्या करून दाखव, मी तेव्हा तेच करायला हवं होतं.

रानवारा

चिंचगुळ आणि आंबोळी, तुमचं चालू द्या, मी वाचतेय. भाच्याला आता ५ कॉलम आणि ३ पिव्हटवालं एक दिलंय, अट अशी की रो ऑपरेशन एकही करायचं नाही, फक्त कॉलम बघून रिड्यूस्ड फॉर्म लिहायचा. चौथ्या कॉलमपाशी अडकलाय, तो आधीच्यांपासून बनतो की नाही हे नुसतं बघून कळत नाहीये त्याला, आणि खरं सांगायचं तर तो अडकणं साहजिक आहे, आकडे जरा मोठे झाले की ते ठरवायलाच एलिमिनेशन करावं लागतं ना?